चलनावरच्या तारखेपासून ७५ टक्के अनामतीपर्यंत: मोठ्या कंपनीकडे अडकलेलं बिल व्याजासह कसं मागावं

छोट्या कारखानदारांची थकबाकीची कागदपत्रं मी बरीच वर्षं लावतो आहे. माल दिला, बिल दिलं, सहा महिने झाले, समोरची कंपनी फोन उचलत नाही, अशी तक्रार घेऊन माणूस आला की मी त्याला पहिला प्रश्न एकच विचारतो. माल कंपनीच्या गेटमधून आत गेला त्या दिवशीचं, शिक्का आणि तारीख असलेलं चलन आहे का? रक्कम किती, कंपनी कोणती, हे प्रश्न नंतरचे. कायद्याने व्याज भरपूर दिलं आहे, पण त्याचं मीटर एका ठरावीक तारखेपासून चालू होतं आणि ती तारीख सिद्ध करण्याची जबाबदारी पुरवठादारावर येते.

कायदा म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६. बोलताना आपण त्याला एमएसएमई कायदा म्हणतो. उशिरा मिळणाऱ्या पैशांबाबतची त्यातली कलमं १५ ते २४ एवढीच आहेत. सलग वाचली तर अर्ध्या तासात होतात.

आधी पाहा, तुम्ही यात बसता का

कायद्याच्या नावात मध्यम उद्योग असले, तरी थकबाकीवरच्या व्याजाचं संरक्षण फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत असेल तर उद्योग लघु गटात येतो. दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. आपल्या औद्योगिक वसाहतींतले बहुतेक शेडवाले यात सहज बसतात. खरेदीदार मात्र कोणीही असू शकतो. खासगी कंपनी, सरकारी महामंडळ, नगरपालिका, कोणालाही सूट नाही.

उद्यम नोंदणीची तारीख फार महत्त्वाची आहे. पैसे अडकल्यावर घाईने नोंदणी करून जुन्या बिलांवर व्याज मागणारे अनेक जण भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ च्या निकालांत सांगितलं की नोंदणी पुढच्या व्यवहारांना लागू होते, मागच्यांना नाही. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाच्याच एका खंडपीठाला या मुद्द्याचा पुन्हा विचार व्हावा असं वाटलं आणि त्यांनी तो मोठ्या पीठाकडे पाठवला. त्याच्या भरवशावर बसू नका. आज नोंदणी नसेल तर आजच करा, ती फुकट आहे, आणि उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापून घ्या. मग ‘तुम्ही लघु उद्योग आहात हे आम्हाला माहीतच नव्हतं’ असं कंपनीला म्हणता येत नाही.

दोन प्रकारच्या लोकांना मी आधीच सावध करतो. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. थकबाकीवरच्या व्याजाचा हक्क तिच्यातून मिळत नाही. दुसरे बांधकामाचे किंवा उभारणीचे ठेके घेणारे. वर्क्स कॉन्ट्रॅक्ट या कायद्यात बसतं की नाही याबद्दल न्यायालयांचं एकमत नाही, म्हणून त्यांनी कौन्सिलकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे, अर्ज करण्याआधी आपला करार वकिलाला जरूर दाखवावा.

मीटर कधी चालू होतं

लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस संपले की दुसऱ्या दिवसापासून व्याज लागतं. लेखी मुदत ठरली असेल तर ती मुदत चालते, पण ४५ दिवसांच्या वर कितीही लिहिलं तरी ते ४५ वरच थांबतं. पर्चेस ऑर्डरवर ‘९० दिवस’ असं छापून तुमची सही घेतली असली, तरी पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत पैसे यायलाच हवेत. व्याजाचं कलम १६ करारात काहीही लिहिलेलं असलं तरी लागू होतं.

मग ‘स्वीकारला’ म्हणजे कधी? कंपन्यांचे लोक सांगतात की आमच्या क्वालिटी विभागाने पास केलं, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची आमची नोंद निघाली, बिल अकाउंट्सला पोचलं, की मग दिवस मोजायचे. कायदा असं म्हणत नाही. माल प्रत्यक्ष पोचला तोच स्वीकाराचा दिवस. पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली, तरच ती तारीख पुढे सरकते. मग हरकत दूर केल्याचा दिवस हा स्वीकाराचा दिवस होतो. १५ दिवसांत काहीच लिहून आलं नाही तर माल पोचल्या दिवशीच स्वीकारला, असं कायदा धरतो. फोनवरची कुरकुर हरकत ठरत नाही. ईमेल किंवा पत्र लागतं.

म्हणून गेटवरचा शिक्का असलेलं चलन सोन्यासारखं जपा. ते हरवलंच असेल तर ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची पोच आणि कंपनीचा जीआरएन गोळा करा. आणखी एक पुरावा लोक विसरतात. कंपनीने तुमच्या बिलावरचं जीएसटी क्रेडिट घेतलं का? माल मिळाल्याशिवाय ते घेता येत नाही. सुनावणीत ‘माल मिळालाच नाही’ असा पवित्रा घेणाऱ्या कंपनीला तिच्या क्रेडिटच्या नोंदी हजर करायला सांगा, असा अर्ज देता येतो.

एक प्रकरण, आकड्यांसह

काल्पनिकच घेऊ, पण रोज दिसतं तसं. भोसरीतल्या एका टर्निंग शॉपने एका मोठ्या कंपनीला सुटे भाग दिले. जीएसटी धरून बिल ४,००,००० रुपयांचं. माल १० जानेवारी २०२४ ला पोचला. ऑर्डरवर मुदत ६० दिवसांची लिहिलेली. पंधरा दिवसांत एकही लेखी हरकत आली नाही. २४ मे रोजी कंपनीने १,५०,००० रुपये पाठवले आणि मग गप्प बसली. ऑगस्टमध्ये नोटीस गेल्यावर उत्तरात ‘काही नग खराब होते’ म्हणून ३८,००० रुपयांची डेबिट नोट आली.

१० जानेवारीपासूनचे ४५ दिवस २४ फेब्रुवारीला संपतात. ६० दिवसांची अट बाजूला पडते आणि व्याज २५ फेब्रुवारीपासून सुरू होतं.

व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. इथे तुमच्या बँकेचा कर्जाचा दर किंवा रेपो रेट धरायचा नाही. ‘बँक रेट’ हा रिझर्व्ह बँक वेगळा जाहीर करते. २०२४ च्या पूर्ण वर्षात तो ६.७५ टक्के होता. तिप्पट म्हणजे वर्षाला २०.२५ टक्के आणि महिन्याला १.६८७५ टक्के. हे व्याज चक्रवाढ आहे आणि दर महिन्याला मुद्दलात मिसळतं.

```
महिन्याअखेरची बाकी = आधीची बाकी × १.०१६८७५ − त्या दिवशी आलेली रक्कम
```

पहिला महिना २४ मार्चला भरला, तेव्हा व्याज ६,७५० आणि बाकी ४,०६,७५०. २४ एप्रिलला बाकी ४,१३,६१४. २४ मेला ४,२०,५९४. त्या दिवशी दीड लाख आले ते वजा केले की २,७०,५९४ राहतात. नोव्हेंबरपर्यंत आणखी सहा महिने असंच नेलं तर २४ नोव्हेंबर २०२४ ला येणं २,९९,१७३ रुपये होतं. कंपनीच्या खात्यात मात्र त्या दिवशी ‘बाकी अडीच लाख’ एवढंच दिसत असतं. मधले ४९,१७३ रुपये बहुतेक पुरवठादार कधी मागतच नाहीत, आणि हे दरवेळी बघून मला वाईट वाटतं.

हा तक्ता साध्या एक्सेलमध्ये होतो. बिलागणिक स्वतंत्र तक्ता करा. सगळी बिलं एकत्र करून सरासरी तारीख काढू नका, कारण समोरचा वकील पहिला घाव तिथेच घालतो. बँक रेट मधे बदलला असेल तर त्या तारखेपासून नवा दर लावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो ६.५० झाला, एप्रिलमध्ये ६.२५, जूनमध्ये ५.७५ आणि डिसेंबरमध्ये ५.५० टक्के. जुना चढा दर शेवटपर्यंत ओढलेला तक्ता तपासणीत पडतो, आणि एक आकडा चुकला की बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही जातो.

आता ऑगस्टमधल्या डेबिट नोटचं काय? हरकतीची १५ दिवसांची मुदत जानेवारीतच संपली होती, त्यामुळे व्याजाच्या तारखेला तिने धक्का बसत नाही. पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की खरेदीदाराला कौन्सिलच्याच कार्यवाहीत प्रतिदावा करता येतो. म्हणून त्या लॉटचे तपासणी अहवाल आणि मटेरियल सर्टिफिकेट फाइलला जोडा, आणि डेबिट नोट मान्य नसल्याचं लगेच लेखी कळवा. ती गुपचूप आपल्या हिशेबात टाकणं म्हणजे ती कबूल करणंच.

नोटीस

कौन्सिलकडे जाण्याआधी नोटीस द्यायलाच हवी असं कायद्यात नाही. तरी मी नेहमी देतो, कारण चांगल्या नोटिशीने निम्मी प्रकरणं तिथेच संपतात. वकिली भाषेची गरज नसते. बिलांची यादी, माल पोचल्याच्या तारखा, व्याजाचा तक्ता, उद्यम प्रमाणपत्र आणि पंधरा दिवसांची मुदत एवढं पुरतं. पाठवायची मात्र खरेदी विभागाला नाही. कंपनी सेक्रेटरी आणि वित्त विभागाच्या प्रमुखाला पाठवा.

कारण त्यांना दुखणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यात ४३बी(एच) हे उपकलम आलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च, पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच वजावटीला मिळतो. दिलेलं व्याज तर कधीच वजावटीला मिळत नाही, हे एमएसएमई कायद्याचं कलम २३. शिवाय बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे न दिल्यास खरेदीदाराला जीएसटी क्रेडिट उलटवावं लागतं. आणि ४५ दिवसांवरची अशी देणी कंपनीला दर सहामाहीला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे ‘एमएसएमई फॉर्म १’ मध्ये कळवावी लागतात. नोटिशीत यातल्या प्रत्येकावर एकेक वाक्य असू द्या. नोटीस फेब्रुवारीत गेली तर तिचा परिणाम सर्वात जास्त होतो, कारण तेव्हा वर्षअखेरचा कर मोजणं चालू असतं.

एक जपा. ‘मुद्दल देतो, फुल अँड फायनलवर सही करा’ असं म्हणतील. सही केलीत तर पुढे व्याज मागणं फार अवघड होतं. व्याज सोडायचंच असेल तर समजून, ठरवून सोडा.

कौन्सिलमध्ये काय घडतं

तक्रार ‘सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदे’कडे जाते. सगळे तिला कौन्सिलच म्हणतात. तिचे तीन ते पाच सदस्य असतात आणि अध्यक्षपद उद्योग खात्याच्या अधिकाऱ्याकडे असतं. महत्त्वाची सोय अशी की पुरवठादार जिथे आहे तिथल्या कौन्सिलला अधिकार असतो, मग खरेदीदार देशात कुठेही असो. ऑर्डरवर ‘वाद फक्त दिल्लीत’ किंवा ‘लवाद आमच्या पसंतीचा’ असं छापलेलं असलं तरी भोसरीच्या माणसाला दिल्लीला जावं लागत नाही. २०२२ च्या निकालाने हे पक्कं केलं.

अर्ज ऑनलाइन. २०१७ पासून samadhaan.msme.gov.in होतं, जून २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन तंटा निवारणासाठी odr.msme.gov.in सुरू केलं. तुमच्या कौन्सिलकडे नवे अर्ज कोणत्या पोर्टलवरून घेतात ते आधी विचारा. पर्चेस ऑर्डर, बिलं, चलनं, व्याजाचा तक्ता, पत्रव्यवहार आणि उद्यम प्रमाणपत्र हे सगळं एका अनुक्रमात, पान क्रमांक घालून लावा. सदस्यांसमोर त्या दिवशी इतरही प्रकरणं असतात. ज्याची फाइल दोन मिनिटांत कळते त्याचं काम पुढे सरकतं.

पहिला टप्पा सलोख्याचा. इथे कंपनीचा माणूस बऱ्याचदा तडजोडीच्या तयारीनेच येतो. हप्ते मान्य केलेत तर तारखा लिहून घ्या, आणि एक हप्ता चुकला तर कायद्याचं पूर्ण व्याज पुन्हा लागू होईल हे वाक्य करारनाम्यात असलंच पाहिजे. दोन्ही बाजूंनी सही केलेल्या सलोखा कराराला लवादाच्या निवाड्याइतकीच ताकद असते.

सलोखा फिसकटला तर दुसरा टप्पा लवादाचा. तो कौन्सिल स्वतः चालवते किंवा एखाद्या संस्थेकडे सोपवते. या दोन टप्प्यांच्या मधल्या जागेत पुष्कळ चांगली प्रकरणं बुडालेली आहेत. कंपनी सलोख्याला आलीच नाही, कौन्सिलने वैतागून थेट ‘एवढे पैसे द्या’ असा आदेश काढला आणि पुरवठादार आनंदाने घरी गेला. असाच एक आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शून्यवत ठरवला, कारण लवादाची कार्यवाही झालीच नव्हती. म्हणून कंपनी गैरहजर राहिली तरी घाई करू नका. सलोखा अयशस्वी झाल्याची नोंद, लवाद सुरू झाल्याची नोटीस, दाव्याचं निवेदन, पुराव्याची संधी, हे सगळं रोजनाम्यात आलं आहे ना, ते स्वतः वाचून बघा. नसेल तर तसा अर्ज द्या. यात दोन महिने जास्त जातील, पण निवाडा टिकेल.

कायदा म्हणतो ९० दिवसांत निकाल द्या. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो, आणि पैशांचं नियोजन करताना हे धरून चाला. व्याज मात्र या काळातही चालू राहतं, म्हणून अर्जात ‘प्रत्यक्ष रक्कम मिळेपर्यंतचं व्याज’ असं मागा.

मुदतीचा विचारही इथेच करा. लवादातल्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा लागते. ‘मोठी ऑर्डर येणार आहे, आत्ता नको’ असं करत लोक तिसरं वर्ष गाठतात. थांबणारच असाल तर निदान दरवर्षी ३१ मार्चच्या बाकीवर कंपनीची सही असलेलं बॅलन्स कन्फर्मेशन घ्या. मुदत संपण्याआधी मिळालेल्या अशा लेखी कबुलीने मुदत नव्याने सुरू होते.

दुसरे दरवाजे

दिवाळखोरी कायद्याखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जायचं तर थकबाकी किमान एक कोटीची हवी, आणि मालाबद्दल आधीपासून खरा वाद असेल तर अर्ज फेटाळला जातो. आपल्या प्रकरणातल्या तीन लाखांना तो रस्ता नाहीच. व्यापारी न्यायालयात तीन लाख आणि त्यावरचे दावे चालतात. उद्यम नोंदणी नसलेल्यांना किंवा व्यापाऱ्यांना तोच मार्ग उरतो. तातडीच्या मनाईची गरज नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी करून बघणं तिथे सक्तीचं आहे.

पुढच्या बिलांसाठी ट्रेड्सचा, म्हणजे बिलं ऑनलाइन वटवण्याच्या व्यासपीठांचा, विचार करा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या व्यासपीठांवर नोंदणी सक्तीची आहे. कंपनीने तिथे तुमचं बिल मान्य केलं की बँक ते कमी दराने वटवते आणि पुढची वसुली बँकेची डोकेदुखी होते. नोंदणी सक्तीची असली तरी प्रत्येक बिल तिथे चढवणं सक्तीचं नाही, म्हणून ऑर्डर घेतानाच हे बोलून ठेवावं लागतं.

निवाडा हाती आल्यावर

निवाडा रद्द करून घ्यायला कंपनीला तीन महिन्यांत न्यायालयात जावं लागतं. सबळ कारण दिलं तर न्यायालय आणखी तीस दिवस देऊ शकतं. पण कलम १९ प्रमाणे निवाड्याच्या रकमेच्या ७५ टक्के आधी जमा केल्याशिवाय तिचा अर्ज ऐकलाच जात नाही. ही अट चुकवण्यासाठी काही कंपन्या उच्च न्यायालयात रिट याचिका करतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग नाकारला. जानेवारी २०२५ मध्ये रिट कधी चालेल हा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे. म्हणून निवाडा मिळताच जिल्हा न्यायालयात आणि उच्च न्यायालयात, दोन्हीकडे कॅव्हेट लावा, म्हणजे तुम्हाला न ऐकता स्थगिती मिळणार नाही.

अनामत जमा झाली की बहुतेक पुरवठादार अंतिम निकालाची वाट बघत बसतात. त्याची गरज नाही. त्याच कलम १९ मध्ये न्यायालयाला अधिकार आहे की जमा रकमेतला योग्य भाग अर्ज प्रलंबित असतानाच पुरवठादाराला द्यावा. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. कामगारांचे पगार, कच्च्या मालाची देणी आणि कॅश क्रेडिट खात्याचा उतारा जोडून पैशांची निकड दाखवा. न्यायालय सहसा हमी किंवा तारण मागतं, तेव्हा बँक गॅरंटीचा खर्च आधीच विचारून ठेवा. कंपनी न्यायालयात गेलीच नाही, तर मुदत संपल्यावर निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो. त्या दरखास्तीत कंपनीचं बँक खातं गोठवायची मागणी पहिली ठेवा. खात्याचा क्रमांक आणि शाखा तुम्हाला २४ मेच्या त्या दीड लाखांच्या नोंदीवरून शोधता येते.